पी-खंडातील हायड्राइड आणि ऑक्सोआम्ले: तीव्रतेचा क्रम स्वतः कसा लावावा

बारावीच्या पी-खंडाच्या प्रकरणात आम्लांच्या तीव्रतेचे क्रम इतके येतात की विद्यार्थी ते पाठ करू लागतात आणि परीक्षेत एखादे अनोळखी संयुग समोर आले की अडतात. खरा घोटाळा मात्र पाठांतराच्या आधीच झालेला असतो. HF ते HI या गणात खाली जाताना तीव्रता वाढते हे एकदा डोक्यात बसले की तोच नियम HOCl, HOBr आणि HOI यांनाही लावला जातो, आणि तिथे क्रम नेमका उलटा निघतो. नियम दोन्हीकडे वेगळे का आहेत हे समजले तर पाठ करावे असे फारच थोडे उरते. अकरावी-बारावीला किंवा नीट, जेईई, सीईटीच्या तयारीला नुकती सुरुवात केलेल्यांसाठी हा क्रम लावण्याची रीत येथे पायरीपायरीने मांडली आहे.

हाताशी काय असावे

- आवर्त सारणी, आणि तिच्यात विद्युतऋणतेचे आकडे दिलेले असले तर उत्तम.
- पेन्सिल आणि कोरा कागद, कारण ऑक्सोआम्लांची रचना काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
- काही मोजक्या pKa मूल्यांची यादी. pKa जितका कमी तितके आम्ल तीव्र, आणि १ चा फरक म्हणजे आयनीभवनाच्या स्थिरांकात दहापट फरक.

एक सूचना आधीच देतो. HCl, HBr, HI, HClO₄ अशा अतितीव्र आम्लांचे ऋण pKa पाण्यात थेट मोजता येत नाहीत, ते अप्रत्यक्षपणे काढलेले अंदाज असतात. त्यामुळे एका पुस्तकात HCl साठी −६ आणि दुसऱ्यात −७ दिसले तर गोंधळून जाऊ नये. अशा ठिकाणी क्रम लक्षात ठेवावा, आकडा नाही.

## १. आधी कोणता बंध तुटतो ते पाहा

आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा रेणू, आणि प्रोटॉन देताना एक विशिष्ट बंध तुटतो. हायड्राइडमध्ये हायड्रोजन थेट त्या मूलद्रव्याच्या अणूला, त्याला E म्हणू, जोडलेला असतो, म्हणून HCl मध्ये H–Cl तुटतो आणि HI मध्ये H–I. ऑक्सोआम्लात आम्लधर्मी हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला असतो, म्हणून HOCl असो, HOI असो किंवा H₂SO₄ असो, दर वेळी O–H हाच बंध तुटतो.

पुढचा सगळा फरक यातून निघतो. हायड्राइडच्या गणात खाली जाताना तुटणारा बंधच बदलत जातो. ऑक्सोआम्लांत तो तोच राहतो आणि त्याच्या पलीकडचा मध्यवर्ती अणू इलेक्ट्रॉन आपल्याकडे किती ओढतो एवढेच बदलते. प्रश्न वाचल्यावर पहिली नोंद हीच करावी: बंध H–E की H–O?

## २. हायड्राइड: कोणता आकडा जास्त बदलतो ते तपासा

हायड्राइडच्या बाबतीत पुस्तके दोन वेगवेगळी कारणे देतात. गणात खाली जाताना ‘बंध कमकुवत होतो म्हणून तीव्रता वाढते’ आणि आवर्तात उजवीकडे जाताना ‘विद्युतऋणता वाढते म्हणून तीव्रता वाढते’. चौकस विद्यार्थी लगेच विचारतो की गणात विद्युतऋणतेने का ठरत नाही, आणि आवर्तात बंधाच्या बळाने का ठरत नाही. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांत मिळते.

वायुरूप रेणूतून प्रोटॉन काढण्याची क्रिया तीन टप्प्यांत मांडू. आधी H–E बंध तोडावा लागतो, त्याला ऊर्जा लागते. मग हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढावा लागतो, त्यालाही ऊर्जा लागते, पण ती सर्व आम्लांसाठी सारखीच असल्याने तुलनेत ती बाजूला ठेवता येते. शेवटी तो इलेक्ट्रॉन उरलेला गट स्वीकारतो आणि ऊर्जा बाहेर पडते. म्हणून पहिल्या ऊर्जेतून तिसरी वजा केली की तुलनेपुरता एकच आकडा हाती येतो, आणि तो जितका लहान तितके प्रोटॉन देणे सोपे. पुढील आकडे किलोज्यूल प्रति मोलमध्ये आहेत.

| रेणू | बंध तोडण्याची ऊर्जा | इलेक्ट्रॉन स्वीकारताना सुटणारी ऊर्जा | फरक |
|---|---|---|---|
| CH₄ | ४३९ | ८ | ४३१ |
| NH₃ | ४५० | ७४ | ३७६ |
| H₂O | ४९७ | १७६ | ३२१ |
| HF | ५७० | ३२८ | २४२ |
| HCl | ४३१ | ३४९ | ८२ |
| HBr | ३६६ | ३२५ | ४१ |
| HI | २९८ | २९५ | ३ |

आधी वरच्या चार ओळी वाचा. CH₄ पासून HF पर्यंत बंध मजबूत होत जातो, म्हणजे निव्वळ बंधाच्या बळावर ठरले असते तर HF सर्वांत सौम्य निघाले असते. पण बंधाची ऊर्जा साधारण १३० ने वाढते, तर इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची ऊर्जा ३२० ने वाढते. दुसरा बदल पहिल्यावर मात करतो, म्हणून आवर्तात क्रम CH₄ < NH₃ < H₂O < HF असा लागतो.

आता HF पासून खाली या. इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची ऊर्जा ३२८, ३४९, ३२५, २९५ अशी थोडीच हलते, आणि शेवटी तर ती आम्लतेच्या विरुद्ध दिशेला जाते. बंधाची ऊर्जा मात्र २७० हून अधिक घसरते. म्हणून गणात बंधाचे बळ निर्णायक ठरते आणि HF < HCl < HBr < HI असा क्रम मिळतो. दोन्हीकडे दोन्ही कारणे एकाच वेळी काम करत असतात, फक्त ज्याचा बदल मोठा त्याच्या बाजूने निकाल लागतो. वर्गात ही दोन कारणे दोन स्वतंत्र नियम म्हणून लिहून दिली जातात ही माझी जुनी तक्रार आहे, कारण मग कोणता नियम कुठे लावायचा हेही पाठ करावे लागते.

ऑक्सिजनच्या गणातही हेच दिसते. H₂S चा पहिला pKa सुमारे ७, H₂Se चा ३.९ आणि H₂Te चा २.६ आहे, आणि पाणी या सर्वांपेक्षा पुष्कळ सौम्य आहे.

येथे कुठे पाय घसरतो. HF सौम्य का, या प्रश्नावर ‘हायड्रोजन बंधामुळे’ एवढेच लिहून विद्यार्थी मोकळे होतात. द्रावणातील हायड्रोजन बंधांचा काही वाटा आहे, पण मुख्य कारण H–F बंधाचे बळ आहे आणि उत्तरात ते आधी यायला हवे. दुसरी चूक म्हणजे ‘H–F सर्वांत ध्रुवीय, म्हणून HF सर्वांत तीव्र’ हा तर्क. ध्रुवीयता म्हणजे आयनीभवन नव्हे. पाण्यात HF चा pKa ३.२ च्या आसपास आहे, म्हणजे ते सौम्य आम्लच आहे.

## ३. तिरकी तुलना आली तर नियम थांबवा

HF आणि H₂S यांत अधिक तीव्र कोण? येथे गणही बदलतो आणि आवर्तही, त्यामुळे दोन नियम दोन विरुद्ध दिशांना ओढतात. वरच्या पद्धतीने पाहिले तर H₂S साठी बंधाची ऊर्जा सुमारे ३८१ आणि SH गटाची इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची ऊर्जा सुमारे २२३ आहे, फरक १५८. तो HF च्या २४२ पेक्षा लहान आहे, म्हणजे वायुरूपात H₂S हे HF पेक्षा तीव्र आम्ल ठरते आणि प्रत्यक्षातही ते तसेच आहे.

पाण्यात मात्र निकाल फिरतो. HF चा pKa ३.२ आणि H₂S चा ७, म्हणजे पाण्यात HF सुमारे चार घात अधिक तीव्र आहे. लहानशा फ्लोराइड आयनाभोवती पाण्याचे रेणू फार घट्ट गोळा होतात आणि त्यातून पुष्कळ ऊर्जा सुटते, मोठ्या HS⁻ आयनाच्या वाट्याला तेवढी येत नाही. वरच्या सारणीत हे जलयोजन धरलेलेच नाही, आणि तिची मर्यादा नेमकी इथे आहे. एकाच गणात किंवा एकाच आवर्तात तिने दिलेला क्रम पाण्यातही टिकतो, तिरक्या तुलनेत तो टिकेलच असे नाही. म्हणून अशा प्रश्नात pKa पाहावा. तो दिलेला नसेल आणि माहीतही नसेल तर नियमाच्या जोरावर ठाम उत्तर देऊ नये.

याच ओघात आणखी एक गोष्ट. पाण्यात HCl, HBr आणि HI तिन्ही जवळजवळ पूर्ण आयनीभूत होतात, त्यामुळे सारख्याच संहतीची विरल द्रावणे प्रयोगशाळेत मोजून त्यांच्यातला फरक दिसत नाही. तो दिसण्यासाठी पाण्यापेक्षा प्रोटॉन घ्यायला कमी उत्सुक असलेला द्रावक लागतो, उदाहरणार्थ निर्जल असेटिक आम्ल.

## ४. ऑक्सोआम्ल: रचना काढा आणि मोकळे ऑक्सिजन मोजा

ऑक्सोआम्लाचे सूत्र आहे तसे वापरू नये. ते OH गट वेगळे काढून लिहावे: H₂SO₄ म्हणजे SO₂(OH)₂, HNO₃ म्हणजे NO₂(OH), HClO₄ म्हणजे ClO₃(OH). ज्या ऑक्सिजनला हायड्रोजन नाही आणि जो फक्त मध्यवर्ती अणूला जोडलेला आहे, त्याला येथे ‘मोकळा ऑक्सिजन’ म्हणू आणि त्यांची संख्या p मानू.

p महत्त्वाचा का? प्रोटॉन गेल्यावर ऑक्सिजनवर उरलेला ऋणभार मोकळ्या ऑक्सिजनांवरही पसरतो. ClO⁻ मध्ये तो एकाच ऑक्सिजनवर अडकतो, ClO₄⁻ मध्ये चार ऑक्सिजनांत सारखा वाटला जातो, आणि भार जितका पसरतो तितका आयन स्थिर होतो. लायनस पॉलिंग यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा हेच आकड्यात सांगतो:

pKa ≈ 8 − 5p

आणि बहुप्रोटॉनी आम्लात पुढच्या प्रत्येक प्रोटॉनला pKa सुमारे ५ ने वाढतो. फॉस्फोरिक आम्लाचे २.१५, ७.२० आणि १२.३५ हे आकडे त्याची चांगली साक्ष देतात. क्लोरीनची मालिकाही तपासून पाहा. HOCl मध्ये p = ०, अंदाज ८, प्रत्यक्ष ७.५. HClO₂ मध्ये p = १, अंदाज ३, प्रत्यक्ष सुमारे २. HClO₃ मध्ये अंदाज −२ आणि HClO₄ मध्ये −७, ही दोन्ही तीव्र आम्लेच आहेत. ठोकताळा एक-दीड एककाने चुकतो, पण सौम्य आणि तीव्र यांतली रेषा बरोबर आखतो.

आवर्तात उजवीकडे जाताना, प्रत्येक मूलद्रव्याचे सर्वोच्च अवस्थेतील आम्ल घेतले तर p आपोआप वाढत जातो: Si(OH)₄ मध्ये ०, PO(OH)₃ मध्ये १, SO₂(OH)₂ मध्ये २ आणि ClO₃(OH) मध्ये ३. म्हणून H₄SiO₄ < H₃PO₄ < H₂SO₄ < HClO₄.

## ५. p सारखा असेल तरच विद्युतऋणतेकडे वळा

HOCl, HOBr आणि HOI या तिघांतही p शून्य आहे. आता मध्यवर्ती अणू O–H मधील इलेक्ट्रॉन आपल्याकडे किती खेचतो यावर निकाल लागतो. क्लोरीन सर्वांत जास्त खेचतो आणि आयोडीन सर्वांत कमी, म्हणून pKa अनुक्रमे सुमारे ७.५, ८.७ आणि १०.६ येतात. गणात खाली जाताना तीव्रता घटते, म्हणजे हायड्राइडच्या नेमके उलट. तुटणारा बंध O–H च असल्याने ‘अणू मोठा, बंध कमकुवत’ हा तर्क येथे लागू होतच नाही. H₂SO₃ चा १.८ आणि H₂SeO₃ चा सुमारे २.६ हे आकडेही याच दिशेने जातात.

पायऱ्यांचा क्रम मात्र उलटा करू नये. आधी p, मग विद्युतऋणता. HOCl मधील क्लोरीनची विद्युतऋणता HIO₃ मधील आयोडीनपेक्षा जास्त आहे, तरीही HIO₃ कितीतरी तीव्र आहे, कारण त्यात p दोन आहे.

गणात खाली जाताना आणखी एक सापळा असतो. मोठ्या अणूभोवती जास्त OH गट मावतात आणि त्यामुळे p बदलून जातो. टेल्युरिक आम्ल पाण्यात H₂TeO₄ नसून Te(OH)₆ असते, म्हणजे p शून्य, आणि त्याचा pKa ७.७ च्या आसपास आहे. H₂SO₄ आणि H₂SeO₄ तीव्र असताना हे एकदम इतके सौम्य का, याचे उत्तर सूत्र नीट लिहिले की लगेच मिळते. H₅IO₆ म्हणजे IO(OH)₅, तिथे p = १ आणि pKa सुमारे ३.३.

## ६. सोडवलेले उदाहरण: फॉस्फरसची तीन आम्ले

प्रश्न: H₃PO₂, H₃PO₃ आणि H₃PO₄ यांचा तीव्रतेनुसार क्रम लावा.

बहुतेक वह्यांत आढळणारे उत्तर असे असते: फॉस्फरसची ऑक्सिडेशन अवस्था +१, +३, +५ अशी वाढते, म्हणून H₃PO₄ सर्वांत तीव्र. क्लोरीनच्या मालिकेत हा तर्क बरोबर उत्तर देतो म्हणून तो इथेही आणला जातो. पण तिथे ऑक्सिडेशन अवस्थेबरोबर p सुद्धा वाढत होता, इथे तो वाढत नाही.

रचना काढून पाहू. H₃PO₄ मध्ये फॉस्फरसला तीन OH आणि एक मोकळा ऑक्सिजन आहे. H₃PO₃ मध्ये तीन OH नाहीत, दोनच आहेत, आणि एक हायड्रोजन थेट फॉस्फरसला जोडलेला आहे, म्हणून ते HPO(OH)₂ असे लिहावे. H₃PO₂ म्हणजे H₂PO(OH), त्यात एकच OH. मोकळा ऑक्सिजन तिन्हींत एकेकच. p = १, म्हणून तिन्हींचा pKa ३ च्या आसपास आणि एकमेकांजवळ असावा हा आपला अंदाज. प्रत्यक्षात H₃PO₄ चा पहिला pKa २.१५ आहे, H₃PO₃ चा वेगवेगळ्या पुस्तकांत १.३ ते २ च्या दरम्यान दिलेला असतो, आणि H₃PO₂ चा सुमारे १.२. तिन्ही जवळजवळ आहेतच, शिवाय जो थोडासा फरक आहे तो ऑक्सिडेशन अवस्थेच्या उलट दिशेने जातो: H₃PO₂ > H₃PO₃ > H₃PO₄. फरक लहान असल्याने परीक्षेत हा क्रम लिहिताना ‘तिन्हींत p सारखाच’ हे वाक्य आधी लिहावे, उत्तराचा खरा गाभा तोच आहे.

रचना अशीच आहे हे कशावरून? P–H मधील हायड्रोजन आम्लधर्मी नसतो, म्हणून एक मोल H₃PO₃ च्या उदासिनीकरणाला तीन नव्हे तर दोनच मोल NaOH लागतात, आणि H₃PO₂ ला एकच. दुसरी पडताळणी शेजारच्या आर्सेनिकवरून होते. H₃AsO₃ खरोखरच As(OH)₃ असे असते, त्यात p शून्य आहे आणि त्याचा pKa ९.२ आहे. H₃PO₃ ची रचना P(OH)₃ असती तर तेही असेच अतिशय सौम्य आम्ल ठरले असते. केवळ सूत्र सारखे दिसते म्हणून ही दोन आम्ले एका माळेत ओवली, तर pKa मध्ये सुमारे सात-आठ एककांची चूक होते. अशी मोठी तफावत दिसली की गणित पुन्हा करण्याऐवजी रचना पुन्हा काढावी.

## ७. ठोकताळा जिथे फसवतो त्या दोन जागा

बोरिक आम्ल B(OH)₃ मध्ये p शून्य आहे आणि pKa ९.२४ आहे, त्यामुळे ठोकताळा बरोबर आल्यासारखा वाटतो. पण हे आम्ल स्वतःचा प्रोटॉन देतच नाही. बोरॉन पाण्याच्या रेणूतील OH⁻ स्वीकारतो, B(OH)₄⁻ तयार होतो आणि प्रोटॉन पाण्याचा सुटतो. म्हणूनच तीन OH गट असूनही ते एकप्रोटॉनी मानले जाते आणि ‘तीन OH म्हणजे त्रिप्रोटॉनी’ हे उत्तर चूक धरले जाते.

कार्बोनिक आम्लात उलटा प्रकार घडतो. CO(OH)₂ मध्ये p = १, म्हणून pKa ३ च्या आसपास हवा, पण सारणीत ६.३५ सापडतो. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा फारच थोडा भाग H₂CO₃ च्या रूपात असतो, उरलेला सगळा CO₂ म्हणूनच राहतो, आणि ६.३५ हा आकडा सगळे विरघळलेले CO₂ आम्लच आहे असे धरून काढलेला आहे. हे गुणोत्तर सुमारे ६०० ला १ असे धरले तर त्याचा लॉगॅरिथम २.८ येतो, आणि ६.३५ मधून तो वजा केला की H₂CO₃ या रेणूचा स्वतःचा pKa सुमारे ३.५५ मिळतो.